समांतरभुज चौकोन हा समलंब चौकोन असतो का? वर्कशीट एक म्हणतं, पुस्तक दुसरं

प्रश्न: माझी मुलगी ठाण्यात आठवीला आहे, राज्य मंडळ. क्लासच्या वर्कशीटमध्ये चूक की बरोबर असा प्रश्न होता: ‘प्रत्येक समांतरभुज चौकोन हा समलंब चौकोन असतो.’ तिनं ‘चूक’ लिहिलं आणि गुण गेला. पुस्तक उघडून पाहिलं तर तिचंच बरोबर वाटतं. ऐरोलीला सीबीएसईत असलेला तिचा मामेभाऊ मात्र छातीठोकपणे सांगतो की ‘बरोबर’ हेच उत्तर. नक्की खरं काय? आणि परीक्षेत तिनं काय लिहायचं?

उत्तर: तुमच्या मुलीला तो गुण मिळायला हवा होता. तिच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे ‘चूक’ हेच उत्तर आहे. मामेभावाचं उत्तर त्याच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मी २४ वर्षं गणित शिकवते. आधी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत शिकवलं, आता कोपरखैरणेला दोन्ही मंडळांच्या मुलांना शिकवते. हा वाद माझ्याकडे जवळजवळ दरवर्षी येतो.

मतभेद समांतरभुज चौकोनाच्या गुणधर्मांबद्दल मुळीच नाही. त्याच्या समोरासमोरील बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असतात हे सगळ्यांना मान्य आहे. मतभेद आहे तो ‘समलंब’ हे नाव कुणाला द्यायचं याबद्दल. बालभारतीच्या व्याख्येत ‘एकच जोडी’ समांतर असते असे शब्द आहेत. त्या ‘एकच’मधल्या ‘च’वर सगळं अवलंबून आहे. दोन जोड्या समांतर झाल्या की चौकोन त्या व्याख्येतून बाहेर पडतो. एनसीईआरटीच्या आठवीच्या जुन्या पुस्तकात समांतर बाजूंची एक जोडी असलेला चौकोन म्हणजे ट्रॅपेझियम, एवढंच होतं. तिथे ‘च’ नव्हता. एक जोडी आहे ना, मग दुसरीही असली तरी काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. नववीच्या जुन्या पुस्तकात तर समांतरभुज चौकोन हा ट्रॅपेझियम असतो असं सरळ वाक्यच होतं.

म्हणजे एका पुस्तकात ‘एकच’ आहे आणि दुसऱ्यात ‘निदान एक’. गणितात व्याख्या ही ठरवायची गोष्ट असते. ती सिद्ध करता येत नाही आणि खोटीही पाडता येत नाही. ‘चूक की बरोबर’ हे उत्तर व्याख्येनंतर येतं. वर्कशीटवर व्याख्या न देता हा प्रश्न विचारला असेल तर त्याचं एकच उत्तर नाही, आणि दोष मुलीचा नसून प्रश्नाचा आहे.

आता मुलं जे विचारतात तिथे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. तुमची मुलगी कदाचित म्हणाली नसेल, पण वर्गात एक तरी हात वर होतोच: “मॅडम, चौरस हा आयत असतो असं तुम्हीच शिकवलं. मग समांतरभुज चौकोन समलंब का नाही?” हा प्रश्न अगदी योग्य आहे. आयताची व्याख्या करताना आपलं पुस्तक एवढंच म्हणतं की चारही कोन काटकोन असावेत. बाजू समान असू नयेत अशी अट घालत नाही, म्हणून चौरस आपोआप आयतात येतो. समभुज चौकोनाचंही तसंच. त्याच्या चारही बाजू समान हव्यात, कोनांबद्दल अट नाही, म्हणून चौरस त्यातही बसतो. मग समलंबापाशी आल्यावर मात्र ‘एकच’ घालून दार बंद केलं जातं. एकाच प्रकरणात काही व्याख्या पोटात घेणाऱ्या आणि एक बाहेर ठेवणारी, अशी ही मिसळ आहे. मुलांना ती खटकते, आणि खटकायलाच हवी.

ही मिसळ आली कुठून, हे मुलांना थोडक्यात सांगितलं की त्यांचा गोंधळ बराच निवळतो. युक्लिडच्या व्याख्या, म्हणजे सुमारे २३०० वर्षांपूर्वीच्या, सगळ्याच बाहेर ठेवणाऱ्या होत्या. त्याच्या लेखी आयत म्हणजे काटकोन असलेला पण चारही बाजू समान नसलेला चौकोन, म्हणून चौरस आयत नव्हता. समद्विभुज त्रिकोणाच्याही दोनच बाजू समान हव्यात, म्हणून समभुज त्रिकोण समद्विभुज नव्हता. पुढे गणितज्ञांनी एकेक दार उघडलं, कारण त्यात सोय होती. आयताबद्दल सिद्ध केलेलं सगळं चौरसाला फुकट मिळतं, ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. समलंबाचं दार मात्र काही देशांच्या, काही मंडळांच्या पुस्तकांत उघडलं आणि काहींत बंदच राहिलं.

उघड्या दाराचा फायदा दिसणारं एक उदाहरण मी फळ्यावर नेहमी करते. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन. समांतर बाजू ९ सेमी आणि ५ सेमी, उंची ४ सेमी असेल तर १४ × ४ ÷ २ = २८ चौसेमी. आता लहान बाजू वाढवत न्या: ६, ७, ८ आणि शेवटी ९. दोन्ही बाजू ९ झाल्या की चौकोन समांतरभुज होतो. सूत्र म्हणतं १८ × ४ ÷ २ = ३६, आणि समांतरभुज चौकोनाचं सूत्र म्हणतं पाया गुणिले उंची, ९ × ४ = ३६. सूत्र अडखळलं नाही. ज्याला बाहेर ठेवलं त्यालाही ते लागू पडलं. मला विचाराल तर म्हणून मला ‘निदान एक जोडी’ हीच व्याख्या जास्त आवडते. पण माझी आवड उत्तरपत्रिकेत चालत नाही, आणि क्लासच्या सरांचीही चालू नये.

उघड्या दाराला किंमतही मोजावी लागते, आणि ही गोष्ट वर्कशीट बनवणाऱ्यांच्याच लक्षात येत नाही. नववीच्या त्याच जुन्या एनसीईआरटी पुस्तकात एक उदाहरण होतं: ABCD हा ट्रॅपेझियम आहे, AB ∥ CD आणि AD = BC, तर ∠A = ∠B दाखवा. हे समांतरभुज चौकोनावर करून पाहा. समजा ∠A ६०° आहे. AB आणि CD समांतर आहेत, AD आणि BC समान आहेत, म्हणजे दिलेल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या. पण ∠B येतो १२०°. जे सिद्ध करायला सांगितलंय ते खोटं पडलं! उदाहरणाखाली दिलेली सूचनाही इथे लुळी पडते. तिच्यात C मधून DA ला समांतर रेषा काढायला सांगितलंय, ती वाढवलेल्या AB ला E मध्ये छेदते, आणि मग CBE हा समद्विभुज त्रिकोण वापरायचा. समांतरभुज चौकोनात ती समांतर रेषा म्हणजे CB स्वतःच. E बिंदू B वरच येऊन बसतो आणि त्रिकोण उरतच नाही.

याचा अर्थ असा की पुस्तक समांतरभुज चौकोनाला ट्रॅपेझियम म्हणत होतं, पण हे उदाहरण लिहिताना त्याच्या डोळ्यापुढे ‘एकच जोडी’वाली आकृती होती. आकृतीत बाजू विरुद्ध दिशांना तिरक्या काढल्या होत्या, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. बालभारतीच्या पुस्तकात हा घोटाळा होत नाही, कारण तिथे समांतर नसलेल्या बाजू समान असतील तर तो समद्विभुज समलंब असं म्हटलंय, आणि ‘समांतर नसलेल्या’ या शब्दांतच समांतरभुज चौकोन वगळला जातो. ज्यांना दार उघडं ठेवायचंय त्यांनी समद्विभुज समलंबाची व्याख्या बाजूंवरून न करता पायाजवळचे दोन कोन समान असण्यावरून करायला हवी. मग समांतरभुज चौकोनांतले फक्त आयत त्यात येतात आणि प्रमेय टिकतं.

हे लांबण लावायचं कारण असं की तुमच्या हातातलं वर्कशीट कोणत्या व्याख्येवर चाललंय ते ओळखायची किल्ली इथे आहे. त्या शीटवर समद्विभुज समलंबाचा एखादा प्रश्न शोधा. ‘पायाजवळचे दोन कोन समान’ किंवा ‘कर्ण समान’ असं उत्तर अपेक्षित असेल, आणि बाजूंबद्दल ‘समांतर नसलेल्या’ असं काहीच म्हटलेलं नसेल, तर शीट तिथे गुपचूप ‘एकच जोडी’ मानतंय. मग त्याच शीटवर ‘समांतरभुज हा समलंब असतो: बरोबर’ हे बसत नाही. असं झालं की समजावं, प्रश्न दोन ठिकाणांहून उचलून एकत्र छापलेत. ठाणे-नवी मुंबईतल्या क्लासेसमध्ये हे सर्रास होतं, कारण एकाच बॅचमध्ये वेगवेगळ्या मंडळांची मुलं असतात आणि शीट एकच असतं.

आता एक असा प्रश्न सांगते ज्यात व्याख्या बदलली की आकडाच बदलतो. तो मुलीला घरी करायला द्या. कुठलाही त्रिकोण ABC काढा. AB, BC, CA या बाजूंचे मध्यबिंदू अनुक्रमे D, E, F घ्या आणि ते एकमेकांना जोडा. त्रिकोणाचे चार लहान तुकडे होतात: तीन कोपऱ्यातले आणि एक मधला. प्रश्न: आकृतीत समलंब चौकोन किती?

पद्धत अशी. आधी आकृतीतले सगळे चौकोन मोजायचे, नाव नंतर द्यायचं. एक तुकडा म्हणजे त्रिकोणच, त्यात चौकोन नाही. दोन तुकडे जोडून चौकोन हवा असेल तर मधला तुकडा आणि एक कोपरा घ्यावा लागतो, कारण दोन कोपरे एकमेकांना फक्त टोकाशी भेटतात. असे तीन होतात: ADEF, BEFD आणि CFDE. मध्यबिंदूंना जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर असतो, म्हणून हे तिघंही समांतरभुज. तीन तुकडे घेऊन चौकोन हवा असेल तर एक कोपरा काढून टाकायचा. A चा कोपरा काढला की DBCF उरतो, त्यात DF ∥ BC, पण DB आणि FC वर वाढवल्या तर A मध्ये भेटतात, म्हणजे त्या समांतर नाहीत. असेही तीन. मधला तुकडा काढला तर उरलेल्याचा चौकोन होत नाही. चारही तुकडे घेतले की मूळ त्रिकोण.

एकूण चौकोन सहा: तीन समांतरभुज, आणि तीन ज्यांच्या बाजूंची एकच जोडी समांतर. बालभारतीच्या व्याख्येनं उत्तर ३ येतं, ‘निदान एक जोडी’ म्हणणाऱ्या व्याख्येनं ६. आकृती तीच, मोजणी तीच.

हा प्रश्न माझ्याच हातून एकदा चुकीचा तपासला गेलाय. शाळेत असताना घटक चाचणीत मी तो दिला होता, उत्तरसूचीत ३ लिहिलं होतं. एका मुलानं सहाही चौकोनांची नावं लिहून उत्तर ६ दिलं, आणि खाली एक ओळ लिहिली: ‘समांतरभुज धरून’. मी सूची बघून शून्य दिलं. ती ओळ मी वाचलीच नाही. त्याची आई पेपर घेऊन आली तेव्हा मी वाचली, आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्या वर्गात सगळ्यात नीट मोजणी त्यानं केली होती. त्या दिवसापासून मोजणीच्या प्रश्नात मी आधी यादी तपासते, आकडा शेवटी. आणि प्रश्नातच लिहिते: ‘समांतरभुज चौकोन वगळून’.

याच प्रश्नानं छपाईची चूकही पकडता येते. वर्कशीटच्या उत्तरात ३ किंवा ६ असेल तर व्याख्येचा फरक समजा. ५ किंवा ७ छापलं असेल तर ते कोणत्याच व्याख्येनं येत नाही, म्हणजे सरळ चूक आहे. वाद घालण्याआधी प्रत्येक व्याख्येनं उत्तर काय येतं ते स्वतः काढून पाहावं, म्हणजे सरांशी बोलताना आपल्याला नेमकं काय दाखवायचंय ते आपल्यालाच कळतं.

सगळेच झगडे व्याख्येचे नसतात. तुमच्या घरात पुढचा वाद बहुधा ठाण्यावरूनच होईल. जुन्या वर्कशीटवर ‘महाराष्ट्रात जिल्हे किती’ याला ३५ आणि ‘ठाणे जिल्ह्यात तालुके किती’ याला १५ अशी उत्तरं अजून सापडतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. आठ तालुके तिकडे गेले, ठाण्याकडे सात राहिले आणि जिल्हे ३६ झाले. तिथे ‘आमच्या पुस्तकाप्रमाणे’ हे चालत नाही. तारीख बघायची आणि नवं उत्तर लिहायचं. समलंबाचं तसं नाही. तिथे कुठलंही उत्तर जुनं झालेलं नाही, दोन्ही आजही जिवंत आहेत.

आता परीक्षेचं. शाळेच्या आणि मंडळाच्या परीक्षेत तिनं ‘चूक’ लिहावं, आणि कारण लिहायला जागा असेल तर एक ओळ जोडावी: ‘समलंब चौकोनात समोरासमोरील बाजूंची एकच जोडी समांतर असते, समांतरभुज चौकोनात दोन जोड्या असतात.’ ही ओळ लिहिली की तपासणाऱ्याला ती कोणत्या व्याख्येवर उभी आहे ते दिसतं. मोजणीच्या प्रश्नात आकड्याआधी चौकोनांची नावं लिहायची सवय लावा.

शिष्यवृत्तीची एखादी परीक्षा ती देणार असेल तर तिथे पर्याय रंगवायचा असतो, कारण लिहायला जागा नाही. तिथेही राज्य मंडळाच्या पुस्तकाचीच व्याख्या धरावी. परीक्षेनंतर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि ठरावीक मुदतीत आक्षेप मागवते. अशा प्रश्नाचं उत्तर पुस्तकाविरुद्ध आलं तर नुसतं ‘उत्तर चुकलंय’ न लिहिता पाठ्यपुस्तकाचं नाव, इयत्ता, पान आणि व्याख्येची ओळ जशीच्या तशी लिहून आक्षेप घ्यावा. मुदत संपली की काही करता येत नाही, म्हणून सूची आली की लगेच बसून ताडून पाहावं.

क्लासच्या सरांना मात्र भांडायला जाऊ नका. व्याख्येच्या पानाचा फोटो दाखवा आणि एवढंच विचारा: “सर, या शीटवर समलंबाची कोणती व्याख्या धरलीय?” बहुतेक शिक्षक पान पाहिलं की लगेच गुण देतात, कारण शीट त्यांनी स्वतः लिहिलेलं नसतं. ते म्हणाले, “आम्ही ‘निदान एक जोडी’ धरतो”, तर तेही चालेल, पण ती व्याख्या शीटच्या वर छापायला सांगा आणि राज्य मंडळाच्या मुलांना हा फरक फळ्यावर दाखवायला सांगा. नाहीतर तीच मुलगी क्लासमध्ये ‘बरोबर’ लिहायला शिकेल आणि तोच गुण शाळेत घालवेल.

मामेभावाला रविवारी घरी बोलवा. दोघांना त्या मध्यबिंदूंच्या त्रिकोणावर बसवा, प्रत्येकानं आपापल्या पुस्तकाची व्याख्या वहीच्या वरच्या ओळीत लिहायची आणि मग मोजायला घ्यायचं. एकाचे ३ येतील, दुसऱ्याचे ६. मग वह्या बदलून पुन्हा मोजायला सांगा.